काल देवमाणूस, आज कपटी: मधला माणूस कुठे जातो?

प्रश्न: मी ३१ वर्षांची आहे, मुलुंडला राहते आणि लोअर परळला एका कंपनीत काम करते. ऑफिसातल्या वरिष्ठ मॅडम तीन वर्षं मला आईच्या जागी होत्या. बाबा आयसीयूत होते तेव्हा त्या दोन रात्री डबा घेऊन आल्या. तीन वर्षांत त्यांनी मला एका शब्दानंही दुखावलं नाही. मार्चमधल्या मीटिंगमध्ये मात्र त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे आकडे मागच्या तिमाहीचे आहेत, आधी तपासायला हवे होते." करी रोडहून निघून मुलुंडला उतरेपर्यंत माझं मत ठरलं होतं: ही बाई कपटी आहे आणि मी मूर्ख. त्या संध्याकाळी त्यांचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत. आता तो डबासुद्धा त्यांनी साहेबांना दाखवायला आणला असणार असं वाटतं, आणि तसं मी दोघी-तिघींना बोलूनही दाखवलं. उलट ज्या सासूबाईंशी चार वर्षं पटलं नाही, त्या मार्चपासून एकदम देवमाणूस वाटू लागल्या आहेत. नवरा म्हणतो, "तुझ्या लेखी माणूस एकतर देव, नाहीतर राक्षस." मी 'स्प्लिटिंग'बद्दल वाचलं. हा आजार आहे का? आणि मॅडम खरंच वाईट असतील तर?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर:

नमस्कार.

आजाराच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. स्प्लिटिंग हे निदान नाही. माणसांना पूर्ण चांगले किंवा पूर्ण वाईट ठरवणे ही मनाची स्वतःला सांभाळण्याची एक रीत आहे आणि कमी-अधिक प्रमाणात ती प्रत्येकाच्या मनात असते. ओटो कर्नबर्ग या मनोविश्लेषकांनी १९६७ साली प्रौढ माणसांच्या एका गटाविषयी लिहिताना दाखवले की काहींच्या बाबतीत ही रीत मनाचा मुख्य आधार होऊन बसते. पण तिथे केवळ इतरांविषयीची मते उलटत नाहीत. आपण स्वतः कोण आहोत याचे चित्रही स्थिर राहत नाही, भावनेच्या भरात नोकरी, पैसा किंवा शरीर यांचे नुकसान करून घेतले जाते, आणि हे जवळजवळ प्रत्येक नात्यात वर्षानुवर्षे चालू राहते. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही. पत्रात न लिहिलेले असे काही असेल, विशेषतः स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट लांबवू नका. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते.

दुसरा प्रश्न अवघड आहे आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी स्प्लिटिंग मुळात कशासाठी होते हे पाहावे लागते. याविषयी जे सहज वाचायला मिळते त्यात 'माणसांना काळ्या-पांढऱ्या रंगांत पाहणे' एवढेच सांगितलेले असते. ते खोटे नाही, पण त्याने असा समज होतो की हा विचारातला आळस आहे आणि थोडा समजूतदारपणा दाखवला की तो जाईल. तसे ते जात नाही, कारण त्यातून मन काहीतरी मोलाचे वाचवत असते.

ही कल्पना सविस्तरपणे मांडली ती मेलनी क्लाइन यांनी. त्यांचा जन्म १८८२ साली व्हिएन्नात झाला. बुडापेस्ट आणि बर्लिन इथे काही वर्षे घालवून १९२६ साली त्या लंडनला आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. लहान मुलांना प्रश्न विचारण्याऐवजी त्या त्यांच्यापुढे छोटी खेळणी ठेवत आणि मूल त्यांचे काय करते हे पाहत. एकाच तासात एकच बाहुली आधी जपली जाते, मग फेकली जाते, मग लपवली जाते, असे त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले. या पाहण्यातून आणि प्रौढ रुग्णांबरोबरच्या कामातून १९४६ साली त्यांनी स्प्लिटिंगवरचा आपला महत्त्वाचा निबंध मांडला. ज्या विचारपरंपरेत तो बसतो तिला ऑब्जेक्ट रिलेशन्स म्हणतात. इथे ऑब्जेक्ट म्हणजे निर्जीव वस्तू नव्हे, तर ज्याच्याशी आपल्या मनाचे नाते जुळते ते माणूस, किंवा त्या माणसाचे आपण मनात बाळगलेले चित्र. तुमच्या मॅडम ऑफिसात आहेत आणि त्यांचे एक चित्र तुमच्या आत आहे. मार्चमध्ये जे पालटले ते मुख्यतः हे आतले चित्र.

क्लाइन यांचे म्हणणे असे की जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाला आई नावाचे एक अखंड माणूस ठाऊक नसते. पोट भरते, ऊब मिळते, तो एक अनुभव असतो. भूक लागली आहे, पोटात कळ आहे आणि कोणी येत नाही, हा दुसरा. दूध देणारी आणि वाट पाहायला लावणारी आई एकच आहे, हे जुळवण्याइतकी ताकद अजून त्या मनात आलेली नसते. आता यातली एक बारीक गोष्ट नीट पाहा, कारण तुमच्या पत्राचा धागा तिथेच आहे. भुकेल्या तान्ह्या बाळाला 'चांगली आई आत्ता इथे नाही' असे वाटू शकत नाही, कारण जे नाही ते नाही म्हणून ओळखणे ही बरीच पुढची गोष्ट आहे. त्याला वाटते ते असे की इथे काहीतरी वाईट आहे आणि ते मला आतून कुरतडते आहे. अभाव हा अभाव म्हणून जाणवत नाही, तो हल्ला म्हणून जाणवतो.

अशा वेळी चांगला अनुभव आणि वाईट अनुभव यांना एकमेकांपासून दूर ठेवणे बाळाला जगण्यासाठी आवश्यक असते. नासक्या दुधाचा थेंब ताज्या दुधाच्या पातेल्यात पडू नये म्हणून दोन्ही भांडी लांब ठेवावीत, तसे मन वाईटाला चांगल्यापासून वेगळे ठेवते. चांगल्याचा साठा अजून इतका थोडा असतो की दोन्ही एकत्र आले तर सगळेच नासेल अशी भीती असते. म्हणजे स्प्लिटिंगच्या मुळाशी द्वेष नाही, चांगले काहीतरी सुरक्षित राहावे ही धडपड आहे. क्लाइन यांनी तर असे मांडले की ही पहिली फाळणी नीट झाली नाही तर पुढे चांगले-वाईट ओळखणेही जमत नाही.

पुढे, त्यांच्या मांडणीनुसार साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यापासून, बाळाच्या लक्षात येऊ लागते की आपण जिच्यावर चिडतो आणि जिच्या कुशीत शांत होतो ती एकच आहे. ही बाहेरून पाहणाऱ्याला आनंदाची बातमी वाटेल, पण आतून ती दुःखाची असते: जिला मी मनातल्या मनात फाडून टाकले ती माझी लाडकीच होती. इथे पहिल्यांदा अपराधाची भावना येते, आणि जे मोडले ते पुन्हा नीट करावे ही ओढही येते. आधीच्या अवस्थेला क्लाइन पॅरानॉइड-स्किझॉइड पोझिशन म्हणतात आणि या नंतरच्या अवस्थेला डिप्रेसिव्ह पोझिशन. नावे दचकवणारी आहेत, पण ही रोगांची नावे नव्हेत. त्यांनी पायरी हा शब्द टाळून पोझिशन हा शब्द वापरला तो अशासाठी की माणूस एक सोडून दुसरीत कायमचा जात नाही; ताण आला, एकटेपणा आला, अपमान झाला की प्रौढ माणूसही मागे सरकतो आणि सावरल्यावर पुन्हा पुढे येतो.

या सिद्धान्ताला एक मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. क्लाइन यांच्या अगदी लहान रुग्णांपैकी एक मुलगी पावणेतीन वर्षांची होती. त्यामुळे चार महिन्यांच्या बाळाच्या मनाविषयी त्यांनी जे लिहिले तो मागे जाऊन बांधलेला अंदाज आहे. तान्ह्या बाळांचे प्रत्यक्ष निरीक्षण करणाऱ्या डॅनियल स्टर्न यांनी १९८५ साली असा आक्षेप घेतला की बाळाला आई सुरुवातीपासून दोन तुकड्यांत दिसते असे मानायला आधार नाही, आणि माणसांची चांगले व वाईट अशी विभागणी ही भाषा आल्यानंतरची गोष्ट असावी. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. मात्र प्रौढ माणसांत ही फाळणी दिसते आणि ती क्लाइन यांनी वर्णन केली तशीच चालते, याचा पडताळा उपचारांच्या खोलीत इतक्या वेळा येतो की तिचा उगम नेमका कोणत्या महिन्यात, हा वाद बाजूला ठेवला तरी आपले काही अडत नाही.

आता तुमच्या मीटिंगकडे येऊ. मॅडम जे म्हणाल्या ते एक वाक्य होते. तुम्ही ते अवतरणासह लिहिले आहे आणि आकडे बरोबर होते असे कुठेही म्हटलेले नाही, म्हणजे मॅडमचे म्हणणे बहुधा खरे होते. ते एकांतात सांगता आले असते, सगळ्यांसमोर सांगितल्याने तुम्हाला लागले, आणि लागणे अगदी योग्य होते. पण एवढ्याने 'मॅडम आज माझ्याशी नीट वागल्या नाहीत' असे वाटायला हवे होते. तुम्हाला वाटले ते 'ही बाई कपटी आहे'. त्या क्षणी ज्या पाठबळाची तुम्हाला सवय झाली होती ते मिळाले नाही, आणि न मिळालेले पाठबळ केलेला वार म्हणून जाणवले. रागाची तीव्रता प्रसंगाच्या आकाराला साजेशी नसते तेव्हा असेच काहीतरी घडलेले असते.

त्याच वाक्यात तुम्ही स्वतःला मूर्ख म्हणालात, तेही योगायोगाने नाही. क्लाइन यांनी १९४६ च्या निबंधात हे स्पष्ट केले आहे की समोरच्याचे दोन तुकडे करताना मनाला स्वतःचेही दोन तुकडे करावेच लागतात. मॅडम आईच्या जागी होत्या तोवर तुम्ही लाडकी लेक होतात. त्या कपटी ठरल्या तशा तुम्ही फसवली गेलेली वेडी ठरलात. ज्या मुलीने चुकीच्या तिमाहीचे आकडे लावले आणि तरीही जी एरवी काम नीट करते, अशी एक साधी नोकरदार मुलगी या दोन्ही चित्रांत सापडत नाही.

स्प्लिटिंग मार्चमध्ये सुरू झाले असे तुम्हाला वाटते आहे. मला तसे वाटत नाही. 'तीन वर्षांत एका शब्दानेही दुखावले नाही' हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले. रोज आठ-नऊ तास ज्यांच्या हाताखाली काम करायचे, त्यांनी तीन वर्षांत एकदाही चिडून ईमेल पाठवला नाही, रजा नाकारली नाही, एखादे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिले नाही, असे घडणे जवळजवळ अशक्य आहे. अशा गोष्टी घडल्या असणार आणि तुमच्या मनाने त्या त्या वेळी कुठेतरी नेऊन ठेवल्या असणार, कारण मॅडमचे चित्र डागाळू द्यायचे नव्हते. फाळणीचा अर्धा भाग म्हणजे हे देव्हाऱ्यात बसवणे; तो सुखाचा असतो म्हणून कोणी त्याची तक्रार घेऊन येत नाही. मार्चमध्ये त्या साठवलेल्या सगळ्या गोष्टी एकदम बाहेर आल्या, म्हणून एका वाक्याचे ओझे तीन वर्षांएवढे झाले.

सासूबाईंचे प्रकरण हे त्याचेच दुसरे टोक आहे. चार वर्षांत न दिसलेले गुण त्याच महिन्यात दिसू लागले, ते का? मनाला चांगले कुठेतरी जपून ठेवावे लागते. ऑफिसातली जागा रिकामी झाली, तेव्हा ते घरी हलवले गेले. सासूबाई खरोखरच प्रेमळ असतील, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण आत्ता त्यांच्यावर जी माया दाटून आली आहे तिचा मोठा भाग त्यांच्यासाठी नाही, आणि ज्या दिवशी त्या नेहमीसारखे भाजीत मीठ कमी आहे म्हणतील त्या दिवशी त्याची किंमत त्यांना मोजावी लागेल. तुमच्या यजमानांनाही हे वाचून दाखवायला हरकत नाही, कारण तूर्तास तेही चांगल्या बाजूला आहेत.

मग मॅडम खरोखरच वाईट असतील तर? हे ओळखण्याची एक बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे: भूतकाळाचे काय होते ते पाहावे. एखाद्या माणसाविषयी विचारपूर्वक वाईट मत बनते तेव्हा नवी माहिती जुन्या आठवणींच्या शेजारी येऊन बसते. 'त्या रात्री त्या डबा घेऊन आल्या होत्या, आणि तरीही त्यांनी मला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावले' हे वाक्य उच्चारताना दोन्ही भाग शाबूत राहतात. फक्त ते उच्चारायला जड जाते. स्प्लिटिंगमध्ये जुनी आठवणच बदलली जाते. डबा तोच, रात्र तीच, पण आता तो साहेबांना दाखवण्यासाठी होता. स्वतःला विचारा: मार्चपूर्वी हा संशय एकदा तरी आला होता का? त्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर साहेब होते का, किंवा त्यांना हे कळले असे कोणाकडून ऐकले का? एकही नवा पुरावा हाती न येता जुन्या आठवणीचा अर्थ उलटला असेल, तर तो अर्थ रागाने लिहिला आहे, असे समजावे.

दुसरी खूण वेगाची. करी रोड ते मुलुंड धीम्या लोकलने पाऊण तासाच्या आसपास लागतो. तीन वर्षांच्या ओळखीचा निकाल एवढ्या वेळात लागला आणि त्यात खेदाचा लवलेश नव्हता, उलट एक प्रकारचे स्वच्छ, मोकळे वाटले असेल, तर ते निवाड्याचे लक्षण नाही. खरा निवाडा सहसा हळू येतो आणि येताना वाईट वाटते.

हे लिहिताना एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. 'प्रत्येकात चांगले-वाईट असते' हे वाक्य मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे किंवा छळणाऱ्या वरिष्ठाकडे परत पाठवण्यासाठी फार वापरले जाते आणि त्यासाठी ते चुकीचे आहे. एडिंबराचे मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांनी घरात वाईट वागणूक मिळालेल्या मुलांबरोबर काम केले होते, आणि १९४३ साली त्यांनी लिहिले की अशी मुले आईवडिलांना वाईट म्हणायला तयार नसतात. त्याऐवजी ती वाईटपणा स्वतःवर ओढून घेतात, कारण ज्यांच्यावर सर्वस्वी अवलंबून राहायचे ते दुष्ट आहेत हे मानण्यापेक्षा मीच वाईट आहे हे मानणे कमी भयंकर असते. स्प्लिटिंग असेही काम करते: ते समोरच्याला काळे रंगवते तसे धोकादायक माणसाला पांढरेही रंगवते. म्हणून अखंड माणूस पाहणे म्हणजे माफ करणे किंवा सोबत राहणे नव्हे. 'तो मुलांशी प्रेमाने वागतो, आणि तो मला मारतो, म्हणून मी इथे राहणार नाही' हे पूर्णपणे न दुभंगलेल्या मनाचे वाक्य आहे. तुमच्या पत्रात असा धोका मला दिसत नाही. एका मीटिंगमधले एक वाक्य आणि त्यानंतर आलेले दोन फोन, एवढेच आहे.

त्या दोन फोनांबद्दल. मला वाटते की तुमच्या पत्रातला सर्वांत अवघड तपशील तोच आहे आणि म्हणूनच तो तुम्ही एका ओळीत उरकला आहे. मॅडम कपटी असतील तर ते फोन सारवासारवीचे होते आणि न घेणे बरोबर होते. पण त्या केवळ चुकलेल्या आणि चूक उमगलेल्या असतील, तर त्या संध्याकाळी तुम्ही त्यांना झिडकारले, आणि नंतर त्यांच्याविषयी असे काही बोललात जे तुम्हाला ठाऊक नव्हते. त्यांना वाईट ठरवून ठेवण्यात आता हाही फायदा आहे की हे पाहावे लागत नाही. क्लाइन यांच्या मांडणीत माणूस अखंड दिसू लागण्याची किंमत हीच असते, आणि अनेकदा राग जाण्याआधी ही अपराधाची टोचणी येते. ती आली तर बिघडले असे समजू नका.

करायचे काय? गुण आणि दोष असे दोन रकाने आखून यादी करण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. तो मानू नका, कारण मन जी फाळणी करते आहे तीच त्यात कागदावर होते. त्याऐवजी तो मार्चमधला दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत एका सलग मजकुरात लिहून काढा, विशेषणे न वापरता. आकडे कोणी आणि कधी भरले होते, मॅडम कुठे बसल्या होत्या, वाक्य म्हणताना त्यांनी तुमच्याकडे पाहिले की स्क्रीनकडे, नंतर कोण काय बोलले, फोन किती वाजता आले, ते वाजत असताना तुम्ही काय करत होतात. 'कपटी' किंवा 'आईसारख्या' असा शब्द आला की तो खोडून तिथे त्यांनी केलेली कृती लिहा. मग तशाच रीतीने आयसीयूची एक रात्र लिहा. दोन्ही मजकूर एका बैठकीत, पाठोपाठ वाचा. पहिल्यांदा वाचताना बहुधा चीड येईल आणि दोन्हींतला एक खोटा वाटेल. तो कोणता वाटतो याची नोंद ठेवा, काही दिवसांनी पुन्हा वाचा. एखाद्या दिवशी दोन्ही खरे वाटतील आणि चीड येण्याऐवजी उदास वाटेल. ते आले की मॅडमशी बोलायला हरकत नाही, त्याआधी नको. तोवर रात्री मोठे मेसेज पाठवणे आणि राजीनामा टाइप करणे, दोन्ही टाळा.

बोलताना घसरायची एक जागा आहे. अपराधाची टोचणी सहन होत नाही तेव्हा माणूस ती एका झटक्यात पुसायला जातो: साडी घेऊन जायचे, डोळ्यांत पाणी आणायचे, 'तुमच्यासारखं या जगात कोणी नाही' म्हणायचे. क्लाइन यांच्या परंपरेत अशा भरपाईला मॅनिक म्हणतात, म्हणजे दुःख टाळण्यासाठी केलेली धामधूम. तिने मॅडम पुन्हा देव्हाऱ्यात जातात आणि पुढच्या मीटिंगपर्यंत तिथेच राहतात. खरी भरपाई आकाराने लहान आणि जरा ओशाळवाणी असते. "त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितल्याचं मला लागलं. आकडे माझ्याकडून चुकले होते. तुमचे फोन मी मुद्दाम घेतले नाहीत, ते बरोबर केलं नाही." एवढे पुरे. ज्या दोघी-तिघींशी बोललात त्यांनाही सांगावे लागेल की डब्याचे ते तुम्ही रागात म्हणाला होतात. हे मॅडमशी बोलण्यापेक्षा जड जाईल. आणि बोलून झाल्यावर सगळे पूर्वीसारखे झाले असे वाटले, तर सावध व्हा. थोडासा सल राहिला आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर काम करता आले, तर ते अधिक टिकाऊ आहे.

असे चक्र तुमच्या आयुष्यात याआधीही फिरले असेल, शाळेतल्या एखाद्या बाई, कॉलेजातली मैत्रीण, आधीचे साहेब, आणि प्रत्येक वेळी शेवट तुटण्यातच झाला असेल, तर समुपदेशक किंवा मनोविश्लेषणाच्या पद्धतीने काम करणारे थेरपिस्ट गाठावेत. तिथेही आधी हेच घडेल: पहिल्या काही भेटींत ते तुम्हाला फार समजूतदार वाटतील, इतके की मॅडमची जागा त्यांना मिळेल. मग कधीतरी ते घड्याळाकडे पाहतील, मे महिन्यात तीन आठवडे सुट्टी घेतील, किंवा तुम्ही सांगितलेले एखादे नाव विसरतील, आणि परतीच्या गाडीत तुमचे मत ठरलेले असेल. त्या दिवशी पुढची वेळ रद्द करण्याचा मोह होईल. ती रद्द करू नका. ठरलेल्या वेळी जा आणि त्यांच्याविषयी गाडीत काय ठरवले ते त्यांनाच सांगा. मॅडमबाबत हे करायला दोन फोन घ्यावे लागले असते. तिथे ते करण्यासाठी तो तासच राखून ठेवलेला असतो.